पायाळू आणि सळई

माझा नातू पायाळू आहे. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सुखरूप बाहेर काढलं, आम्ही गल्लीत पेढे वाटले. खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण धरणगावात आमच्या गल्लीत विषय असे संपत नाहीत.

पोरगं चालायला लागलं तसे आमच्या दारात उसण भरलेले लोक यायला लागले. पायाळूने कमरेवर लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडे म्हणतात. कोणी पाणी ओढताना कंबर धरून बसलेला, कोणी पोतं उचलताना वाकडा झालेला. ओट्यावर पालथं पडायचं आणि माझ्या नातवाने त्यांच्या पाठीवर पाय द्यायचे. त्याला मोठी मौज वाटायची. एरवी कोणता मोठा माणूस लहान पोराची लाथ खातो? जाताना माणसं त्याच्या हातात केळं नाहीतर बिस्किटाचा पुडा ठेवायची. मी हसायचो. सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमनकी केलेला माणूस मी, उसण लाथेने जाते की आपोआप, हे मला कळत होतं. पण पोरगं खूश, गल्ली खूश, मग आपण कशाला मिठाचा खडा टाकायचा.

पण हेच लोक आभाळ भरून आलं की बदलायचे. पायाळूवर वीज पडते, हाही समज त्यांचाच. ढग दिसले की समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "पोऱ्याले घरमा घ्या वो!" त्यांच्या पोरांत खेळत असला तर त्याला तिथून उठवायचे. ज्याची लाथ पाठीला हवी, त्याची सावली ढगात नको. गरज सरो, वैद्य मरो. मला संताप यायचा, मी दोन शब्द बोलायचो आणि घरात आलो की आमची म्हातारी माझ्यावरच उखडायची. कारण तिचाही त्या गोष्टीवर विश्वास होता. तिने लोहाराकडून एक लोखंडी कडं घडवून आणलं आणि पोराच्या पायात घातलं. लोखंडाने वीज बांधली जाते म्हणे. मी म्हटलं, अगं, लोखंड आणि वीज यांचं नातं मला विचार. ती म्हणाली, "तुमनं तुमना जिनमा ठेवा."

मग माझा मुलगा गेला.

परतीच्या पावसाचे दिवस होते. तो पोराला घेऊन पिकअप गाडीतून शेतात गेला होता, वेचलेल्या कापसाची पोती आणायला. आभाळ अचानक वाजायला लागलं. त्याने पोराला गाडीच्या केबिनमध्ये बसवलं, काचा चढवल्या, दार लावलं आणि सांगितलं की मी आलो, हात बाहेर काढू नको. फवारणीचा पंप बांधावरच्या कडुलिंबाखाली राहिला होता, तो आणायला गेला. सर जोराची आली म्हणून तिथेच झाडाला टेकून उभा राहिला. वीज लिंबावर पडली. पोराने काचेतून पाहिलं.

नात्यातले लोक बसायला यायचे. एक दिवस कोणीतरी उसासा टाकून म्हणालं, "पोऱ्यानी इज व्हती, बापनी आंगवर लिधी." पोराची वीज होती, बापाने अंगावर घेतली. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायांनी माना डोलावल्या, कोणी डोळ्याला पदर लावला, आणि चहा पिऊन माणसं आपापल्या घरी गेली. नातू मधल्या दाराआड उभा होता, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

तो रडला नाही. बापाला उचललं तेव्हा नाही, दहाव्याला नाही, नंतरही नाही. फक्त बोलणं कमी झालं. आभाळात जरा काळं दिसलं की तो आईपासून, आजीपासून, माझ्यापासून उठून एकटा मागच्या खोलीत जाऊन बसायचा. आम्हाला वाटायचं, घाबरतो. त्याच्या आईने एकदा जवळ घ्यायला हात पुढे केला तर त्याने तिला ढकललं. ती माऊली माझ्यासमोर येऊन रडली, की पोरगं मला जवळ येऊ देत नाही. मीही म्हटलं, भीती आहे, जाईल हळूहळू. आता मनात येतं, किती सोपं उत्तर शोधलं मी.

सून माझ्याबरोबर जिनिंगमध्ये येऊ लागली होती. गावाबाहेरच्या ज्या जिनिंगमध्ये मी नोकरी केली, तिथेच. मोकळ्या पटांगणात कापसाचा ढीग असतो, त्यातला पाला, बोंडाची टरफलं बाया निवडून काढतात. ते काम तिला मिळालं. मी निवृत्त झालो असलो तरी शेठ मला उन्हाळ्यात बोलावतात. वीजरोधकाची, म्हणजे आमच्या भाषेत अरेस्टरची, तपासणी माझ्याशिवाय कोणाकडून झालेली त्यांना चालत नाही. शेठचे आजोबा मारवाडातून आले, कापसावर घर उभं केलं, आणि कापसाच्या धंद्यात माणूस दोनच गोष्टींना भितो, विस्तव आणि वीज. गोदामात कापसाच्या गाठी रचलेल्या असतात. एक ठिणगी पुरे.

त्या वर्षी शाळेला सुट्टी लागल्यावर नातवाला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून आम्ही बरोबर न्यायला लागलो. हंगाम संपत आला होता. पटांगणाच्या टोकाला एक जुनी शेड होती, ती शेठने पाडून टाकली होती. तिच्या छपरावरचा अरेस्टर मीच उतरवला. खाली जमिनीतून आलेल्या तांब्याच्या पट्टीचं हातभर टोक मात्र तसंच वर राहिलं होतं. पुढे नवीन शेड झाली तर कामाला येईल म्हणून तिथला अर्थिंगचा खड्डा बुजवला नव्हता.

उतरवलेली सळई मी नातवाच्या हातात दिली. त्याच्या छातीएवढी उंच, एका अंगाला टोक काढलेली. ऊन-पावसाने काळपट पडली होती. तो ती फिरवून बघत राहिला आणि कितीतरी दिवसांनी त्याने आपणहून काही विचारलं.

"आबा, इले टोक काबर शे?"

हिला टोक कशाला, एवढाच प्रश्न. पण मला इतका आनंद झाला की मी हातातला पान्हा खाली ठेवला. मास्तर व्हायची हौस मला पहिल्यापासून होती, पण घरच्यांनी वायरमनकीला घातलं. ती सगळी हौस त्या दुपारी बाहेर आली.

प्लास्टिकच्या पाइपाचा एक तुकडा घेतला, कोरड्या टॉवेलने खसाखसा घासला आणि जमिनीवर पडलेल्या रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, तंतूंजवळ नेला. तंतू उडून पाइपाला चिकटले. वैशाखातली कोरडी हवा, प्रयोग झकास झाला. मी म्हटलं, ही बघ, घासल्याने वीज झाली. ढगातही असंच होतं. आत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर घासतात, आणि ढगाच्या बुडाशी एका जातीची वीज साठते. तिच्या ओढीने खाली जमिनीत, घरात, झाडात दुसऱ्या जातीची वीज वर सरकून येते. दोघींना भेटायचं असतं. मधे हवा आडवी असते, आणि हवा सहजासहजी वाट देत नाही.

"आनि टोक?"

आता एक दाभण घेतलं. पाइप पुन्हा घासला आणि दाभणाचं टोक पाइपाला न लावता त्याच्या जवळून सगळीकडे फिरवलं. मग तोच पाइप रुईजवळ नेला तर तंतू जेमतेम हलले. नातवाचे डोळे मोठे झाले. सांगितलं, गोल गुळगुळीत वस्तूवर वीज पसरून बसते, तिला जागा असते. टोकावर जागा नसते, तिथे दाटी होते. बाजाराच्या दिवशी अरुंद बोळात होते तशी. दाटी एवढी की शेजारची हवासुद्धा हार मानते आणि वाट द्यायला लागते. टोकातून वीज अशी झिरपते.

"मंग ढग बी असाच रिकामा व्हस का?"

हुशार पोरगं. मी म्हटलं, नाही रे बाबा. पाइप एवढासा होता म्हणून जमलं. ढग फार मोठा, एका सळईने तो रिकामा होत नाही. पुष्कळ लोकांना वाटतं की सळई वीज पडूच देत नाही, तर तसं नाही. वीज पडायची ती पडतेच. सळईचं खरं काम निराळं आहे. वरून वीज वाट शोधत टप्प्याटप्प्याने खाली येते. ती जवळ आली की खालच्या सगळ्या उंच वस्तूंतून, झाडातून, धुराड्यातून, मोकळ्यावर उभ्या माणसाच्या डोक्यातूनसुद्धा, विजेचा एकेक बारीक धागा वर निघतो. ज्याचा धागा तिला आधी भेटेल त्याच्यावर ती पडते. सळई सगळ्यांत उंच, शिवाय टोकदार, म्हणून बहुतेक वेळा तिचा धागा आधी जातो. वीज तिच्यावर पडते. मग ह्या जाड पट्टीतून भिंतीच्या बाहेरून सरळ खाली, जमिनीत. इमारतीला कळतसुद्धा नाही.

"आनि सळईले काय व्हस?"

"काहीच नही. वाट मोकळी शे ना तिले. पट्टी जमिनीत गयेल शे. तुटेल पट्टी असनी तर मात्र नुसती सळई बी घातकी."

मग त्याला घेऊन गोदामाच्या मागे अर्थिंगचा खड्डा दाखवला. आत तांब्याची प्लेट पुरलेली असते, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात जमीन सुकली की वीज जमिनीत नीट पसरत नाही, म्हणून खड्ड्यात पाणी टाकावं लागतं. ते काम मी त्याच्यावर सोपवलं. रोज सकाळी बादली घेऊन तो गोदामाच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. नंतर माझ्या लक्षात आलं, पाडलेल्या शेडच्या खड्ड्यातही ओततो. मी म्हटलं, तिथे कशाला, तिथे आता सळई नाही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." मी राहू दिलं.

आणखी एकच गोष्ट त्याने विचारली. गोदामावरची सळई किती दूरवर राखते? मी जमिनीवर काठीने गोदाम काढलं, वर सळई काढली आणि तिच्या टोकापासून दोन्ही अंगांना उतरत्या रेघा ओढल्या. ह्या छत्रीत जे येईल ते राखलं जातं, छत्रीबाहेरचं नाही. त्याने काठी माझ्या हातातून घेतली, त्या चित्रात पटांगण कुठे येतं ते स्वतः काढलं. बाया बसतात ती जागा रेघेच्या बाहेर गेली.

"माय बाहेर बसस," तो म्हणाला.

मी म्हटलं, म्हणून तर मुकादमाला सांगून ठेवलंय, आभाळ वाजलं की घंटा द्यायची आणि सगळ्यांनी पक्क्या गोदामात यायचं. त्याने मान हलवली. त्या दिवशी तो जेवताना दोन घास जास्त जेवला. रात्री मी म्हातारीला सांगितलं, पोरगं बोलायला लागलं बरं का. ती देवासमोर हात जोडून बसली.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी सकाळपासून अंगाची लाही होत होती. दुपारनंतर पश्चिमेकडून वावटळ उठली, धुळीने शिवार दिसेनासं झालं आणि तिच्या मागून आभाळ काळं होत आलं. पाऊस नव्हताच. नुसतं वारं आणि लांबवर गडगड. मुकादमाने घंटा दिली. पण बायांना आधी कापसाच्या ढिगावर ताडपत्री ओढायची होती. वाऱ्यात ती ताडपत्री काही केल्या बसेना, एक टोक दाबलं की दुसरं उडायचं. माझी सून एका टोकावर दगड ठेवत होती. मी गोदामाच्या दारातून ओरडत होतो, की मरू दे तो कापूस, आधी आत या. शेठ स्वतः बाहेर येऊन तेच ओरडले. मग बाया निघाल्या.

मी आत वळून नातवाला शोधलं. तो नव्हता. माझी हत्यारांची पिशवी उघडी पडली होती.

दारातून पुन्हा बाहेर पाहिलं. पटांगणाच्या पार टोकाला, पाडलेल्या शेडच्या जागी, तो उभा होता. अनवाणी, त्या ओल्या खड्ड्यात. दोन्ही हातांनी जुनी सळई डोक्यावर उभी धरलेली, टोक आभाळाकडे.

मी ह्या वयात कसा धावलो ते मला सांगता येणार नाही. त्याने मला येताना पाहिलं आणि वाऱ्यात जिवाच्या आकांताने ओरडला, "आबा, जवळ येऊ नका! तुमनावर पडी!"

मी जवळ गेलो तेव्हा सगळं दिसलं. पिशवीतली तांब्याची तार त्याने सळईला गुंडाळली होती. तार खाली आणून पायातल्या लोखंडी कड्याला दोन वेढे दिले होते, आणि तिथून जमिनीतून वर आलेल्या पट्टीच्या टोकाला पीळ देऊन बांधली होती. पीळ चांगला घट्ट होता. मीच शिकवला होता. माझ्या धड्यातलं एक अक्षर तो विसरला नव्हता. उंच हवं, टोक हवं, खालपर्यंत वाट हवी, जमीन ओली हवी. सगळं होतं. आणि त्या वाटेच्या मधोमध माझं एवढंसं पोरगं होतं.

मी सळई हिसकून लांब फेकली. तार तोडायला पक्कड नव्हती. हातानेच ओढली, बोटं कापली. त्याला काखेत घातलं आणि पळत सुटलो. तो माझ्या छातीवर मुठी मारत होता. "सोडा आबा! मन्हावर पडनी ना, मंग मायवर पडाव नही!" आम्ही गोदामात शिरलो आणि मागे कुठेतरी शेतात वीज पडली, सगळं पांढरं झालं, पत्रे थरथरले. कुठे पडली ते मला माहीत नाही. पटांगणात पडली नाही, एवढं खरं. पण पडू शकली असती.

सून धावत आली. तिने आधी त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याला असा आवळला की मला वाटलं पोराचा जीव जाईल. गाठींना टेकून ती हमसून हमसून रडत होती. पोरगं मात्र कोरडं. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं, मी त्याला फसवल्यासारखं.

"तुमीच सांगं ना," तो म्हणाला, "सळईले काही व्हत नही. आनि सगळा वाचतस."

"तू सळई नही रे राजा."

"इज मन्हाकडेच येस. मी पायाळू शे. पप्पानी मन्ही इज लिधी. आते मायले लागी, मंग तुमले. मी दूर हुभा ऱ्हायनू तर मन्हावरच पडी."

तेव्हा कुठे मला दाराआडचा तो दिवस कळला. ढग आले की तो मागच्या खोलीत का जायचा ते कळलं. तो घाबरत होता, पण स्वतःसाठी नाही. त्याने आईला ढकललं होतं ते तिला वाचवायला. एवढे महिने हे पोरगं आमच्या घरात एकटं सगळ्यांना राखत बसलं होतं, आणि आम्ही म्हणत होतो भित्रं आहे. मला त्या चहा पिऊन गेलेल्या माणसांचा भयंकर राग आला. शेठ बाजूला उभे होते, त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मिस्त्री, पोराला घरी घेऊन जा. गाडी देतो."

घरी आल्यावर मी म्हातारीसमोर त्याला ओट्यावर बसवलं, त्याचा पाय पाटावर घेतला आणि लोखंड कापायची करवत काढली. म्हातारीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं, कड्याला हात लावू देणार नाही. पण ती खाली बसली आणि करवत लागू नये म्हणून कड्याखाली आपल्या पदराची घडी घालून पोराचा पाय दोन्ही हातांनी धरला.

कापता कापता मी बोलत होतो. मला आता माझा धडा पुरा करायचा होता. म्हटलं, नीट ऐक. वीज पडते ती उंचीवर, टोकावर, मोकळ्यावर. कोण कसा जन्मला हे ढगाला दिसत नाही. पाय आधी आले की डोकं, त्याला काय त्याचं? तू गाडीत होतास. गाडीला चारही बाजूंनी पत्रा होता. त्या गाडीवर वीज पडली असती तरी पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत गेली असती, तुला धक्का लागला नसता. तुझ्याकडे ती येत नव्हती. ती लिंबाकडे गेली, कारण त्या शिवारात लिंब सगळ्यांत उंच होता. लाकडातून तिला सोपी वाट नव्हती, शेजारी माणूस उभा होता, तिने झाडावरून त्याच्या अंगात उडी घेतली. तू त्या दिवशी घरी असतास, जन्मलाच नसतास, तरी ती तिथेच पडली असती.

"म्हंजे मन्ही नव्हती?"

"नव्हती. कोनीच नव्हती. तुन्ही बी नही, पप्पानी बी नही."

कडं कापलं गेलं. मी ते दोन्ही हातांनी फाकवून काढलं. घोट्याभोवती चामडीवर काळा वळ पडला होता, म्हातारी तो अंगठ्याने पुसायला लागली, जणू पुसला जाणार होता.

पोराने मोकळ्या घोट्यावरून हात फिरवला. मग त्याने विचारलं, "मंग पप्पावर काबर पडनी?"

मी म्हटलं, "झाडखाले हुभा व्हता म्हनीसन."

"बस?"

त्याने तो शब्द फार हळू उच्चारला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आतापर्यंत त्याच्याजवळ निदान एक कारण होतं. बापाने माझी वीज घेतली, माझ्यासाठी घेतली. ते खोटं होतं, त्यापायी तो मरायला निघाला होता, पण त्यात बाप त्याच्यासाठी गेला होता. ते मी त्याच्याकडून काढून घेतलं, आणि त्याच्या जागी द्यायला माझ्यापाशी काय होतं? पंप आणायला गेलेला एक माणूस, आणि एक झाड. माझा मुलगा. मी स्वतःलाही हे तोवर असं सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या छपरांवर सळया लावण्यात जन्म गेला, तेव्हा देवाचा काहीतरी हिशेब असेल असं मलाही कुठेतरी वाटत होतं. हिशेब वगैरे काही नव्हता.

"बस," मी म्हटलं.

त्याचा खालचा ओठ हलला. त्याने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग ते पोरगं रडलं. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. पप्पा, पप्पा म्हणत, पाय आपटत, श्वास कोंडेपर्यंत रडलं. बाहेर अजून गडगडत होतं. त्याची आई येऊन त्याला चिकटून बसली, आणि ह्या वेळी त्याने तिला ढकललं नाही.